स्वतःच्या तासिकेचा व्हिडिओ बघून स्वतःलाच तपासायचं, तर नेमकं काय बघायचं? (पाचवी, गणित)

मन्याडकाठ

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, 24 लेकरं, 35 मिनिटांची तासिका. घटक होता भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. मुख्याध्यापकांना विचारून मागच्या कपाटावर मोबाइल ठेवला आणि अख्खी तासिका रेकॉर्ड केली.

व्हिडिओ दोनदा बघून झाला. पहिल्यांदा पदर, चष्मा आणि ‘माझा आवाज असा आहे?’ यातच अडकले. दुसऱ्यांदा हाती एवढंच लागलं की तासिका बरी झाली. टाचणात शेवटची 8 मिनिटं लेखी सरावाला ठेवली होती, प्रत्यक्षात 3 उरली. लेकरं हळू आहेत म्हणून असं होतं, अशी माझी समजूत आहे.

आवाज, वर्गातला वावर आणि वेळेची गती या तिन्हींसाठी कुणाकडे तपासणी यादी आहे का? ‘आवाज सुस्पष्ट होता का : होय / नाही’ असली नको. तसली पाठ निरीक्षणाच्या वहीत छापलेलीच असते आणि सगळे ‘होय’वर खूण करून मोकळे होतात.

हिंगोली_पॅसेंजर

मॅडम, आधी कॉलरचा माइक घ्या, मोबाइलच्या माइकला काही अर्थ नाही. रिंग लाइट खिडकीच्या समोरून लावा. पाठीमागं फळ्याऐवजी एका रंगाचं कापड असलं की लई छान दिसतं. आणि 35 मिनिटं कुणी बघत नाही, 7-8 मिनिटांत उरका.

मन्याडकाठ

सर, चॅनलसाठी नाही हो. हा व्हिडिओ मी एकटीच बघणार आहे.

हिंगोली_पॅसेंजर

अस्सं. मग राहू द्या.

खडूची_भुकटी

मॅडम, तिन्ही गोष्टी एका बैठकीत बघता म्हणून काही दिसत नाही. डोळा चित्राकडं गेला की कान बंद होतो. तीन वेळा बघा आणि दर वेळी एकच काम करा. तिन्ही मिळून दोन तास जातील, म्हणून महिन्यात एका तासिकेचं पुरे. पहिल्यांदा नुसतं बघितलंत ते वाया गेलं नाही. आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. इतरांना तुमचा आवाज बऱ्यापैकी तसाच ऐकू येतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, तो विषय सोडून द्या.

पहिली फेरी आवाजाची. मोबाइल पालथा ठेवा आणि फक्त ऐका. कागदावर चार प्रश्न. वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का? मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ही शेवटीच येतो, आणि दम संपल्यामुळं आवाज नेमका तिथंच पडतो. ‘छेद सारखे नसतील तर थेट बेरीज करायची...’ इथपर्यंत ऐकू आलं आणि ‘नाही’ विरला, तर लेकराच्या कानात उलटाच नियम गेला. दुसरा, नवा शब्द किंवा आकडा सांगताना वेग कमी होतो का, की सगळं एकाच चालीत? तिसरा, फळ्याकडं तोंड करून किती बोललात? व्हिडिओ पालथा असला तरी कळतं, आवाज एकदम बोदा होतो. ते सेकंद मोजा. चौथा, ‘कळलं का?’, ‘बरोबर?’, ‘हं, मग?’ यातला तुमचा पेटंट शब्द कोणता आणि तो किती वेळा येतो?

दुसरी फेरी वावराची. आवाज बंद, वेग 2x. वर्गाचा नकाशा काढा, त्यात फळा, टेबल, दार, खिडकी आणि प्रत्येक बाक दाखवा. व्हिडिओतल्या दर 30 सेकंदांना थांबून तुम्ही असाल तिथं नकाशावर ठिपका द्या. 35 मिनिटांचे 70 ठिपके होतात. शेवटी ठिपके कुठं दाटले हे बघण्यापेक्षा कुठं एकही नाही ते बघा. आणि लेकरू उत्तर देत असताना तुम्ही हलत होतात का, ते वेगळ्या रंगानं दाखवा. उत्तर चालू असताना बाई दुसरीकडं निघाल्या की लेकरू वाक्य तोडतं.

तिसरी फेरी गतीची. शेजारी टाचण ठेवा. टाचणातला प्रत्येक टप्पा कोणत्या मिनिटाला सुरू झाला, एवढंच आधी लिहा. सगळ्यात जास्त लांबलेला टप्पा घ्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा बघून त्यातला प्रत्येक प्रश्न टिपा. प्रश्न संपल्यापासून पुढचा शब्द येईपर्यंत किती वेळ गेला, आणि तो शब्द कुणाचा होता, तुमचा की लेकराचा? दीड सेकंद आहे की अर्धा हे कळत नसेल तर 0.5x वर लावा आणि आलेल्या वेळेची निम्मी धरा.

आकडे इथं टाका, मग बोलू.

गोदाकाठी

भुकटी सरांच्या यादीत बोलण्याचा वेग राहिला. मिनिटाला 130 ते 150 शब्द हा योग्य वेग मानतात. एक मिनिट ऐकून शब्द मोजायचे, 150 च्या वर गेले तर तुम्ही घाई करताय. सोपं आहे.

खडूची_भुकटी

मोजणं बरोबर, आकडा मराठीचा नाही. तो इंग्रजी बोलण्यावरून आलाय. इंग्रजीत जिथं तीन-चार सुटे शब्द लागतात तिथं आपल्याकडं ‘घरासमोरच्या’ असा एकच शब्द होतो. त्यामुळं मराठीत 110 शब्द म्हणजेसुद्धा चांगलीच घाई असू शकते, आणि 150 ची वाट बघत बसलात तर तुम्ही कायम ‘उत्तीर्ण’.

त्यापेक्षा स्वतःशीच तुलना करा. एक मिनिट गप्पांचं, एक मिनिट सूचना देतानाचं आणि एक मिनिट नवी संकल्पना सांगतानाचं, असे तीन तुकडे घ्या. शब्दांऐवजी अक्षरं मोजली तर आणखी चांगलं. तिसऱ्या तुकड्यात आकडा घसरलेला दिसायला हवा. तिन्ही सारखेच निघाले, तर ‘पाणी पिऊन या’ आणि ‘छेद समान करा’ तुम्ही एकाच वेगानं सांगताय.

गोदाकाठी

हे पटलं. पण अक्षरं मोजायला बसायचं म्हणजे लई किचकट.

खडूची_भुकटी

तीन मिनिटांचंच मोजायचं आहे. वीसेक मिनिटं जातात.

बीएड_दुसरं_वर्ष

आम्हाला सूक्ष्म अध्यापनात अध्यापन 6 मिनिटं, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनरध्यापन 6 आणि पुन्हा प्रत्याभरण 6, असं 36 मिनिटांचं चक्र होतं. शिवाय फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणात दर 3 सेकंदांना एक नोंद करायची असते, 10 प्रकार असतात. मॅडमनी तेच पूर्ण तासिकेवर केलं तर शिक्षक किती बोलतो आणि विद्यार्थी किती, हे टक्क्यांत कळेल ना?

खडूची_भुकटी

कळेल, पण 35 मिनिटांच्या 700 नोंदी होतात आणि दहा प्रकार डोक्यात पक्के बसल्याशिवाय निम्म्या चुकतात. मॅडमना करायचंच असेल तर सर्वांत लांबलेल्या टप्प्यातली 5 मिनिटं घ्यावीत, 100 नोंदी. आणि प्रकार तीनच : मी बोलते, लेकरू बोलतं, कुणीच बोलत नाही. शंभर नोंदी असल्यामुळं टक्के आपोआप मिळतात.

तुमच्या सूक्ष्म अध्यापनातलं उचलण्यासारखं म्हणजे पुनरध्यापन. तो तुकडा लगेच पुन्हा शिकवून बघायचा. नोकरीत नेमकं तेच सुटतं.

मन्याडकाठ

तिन्ही फेऱ्या केल्या. दोन तास नाही, पावणेतीन लागले. आकडे असे.

टाचणात पूर्वज्ञान 5 मिनिटं, कागदाच्या पट्ट्यांची कृती 12, फळ्यावरची उदाहरणं 10, लेखी सराव 8. प्रत्यक्षात पहिली 3 मिनिटं वह्या काढण्यात आणि हजेरीत गेली. मग पूर्वज्ञान 9, पट्ट्या 11, फळा 9 आणि सराव 3.

पूर्वज्ञानाच्या 9 मिनिटांत मी 22 प्रश्न विचारले. त्यातल्या 17 प्रश्नांनंतर एक सेकंदसुद्धा थांबले नाही. त्या 17 पैकी 11 वेळा पुढचा शब्द माझाच होता, म्हणजे मीच प्रश्न बदलून विचारला किंवा उत्तराचं पहिलं अक्षर पुरवलं. लेकरांनी दिलेली बहुतेक उत्तरं मी मोठ्यानं पुन्हा म्हटली.

वावराचे 70 ठिपके. तीन रांगा आहेत, प्रत्येकीत 4 बाक. दाराकडच्या बाजूला, म्हणजे टेबल आहे तिथं, 46. मधल्या रांगेत 17. खिडकीकडच्या रांगेत 7, आणि तिथल्या मागच्या दोन बाकांपाशी शून्य.

फळ्याकडं तोंड करून बोलले ते 2 मिनिटं 40 सेकंद. पेटंट शब्द ‘बरोबर?’, 38 वेळा. तो मोजताना हसू आलं आणि मग आलं नाही.

आवाज मात्र शेवटपर्यंत खणखणीत आहे. मोबाइल सगळ्यात मागं होता आणि तिथंही स्पष्ट ऐकू येतंय. म्हणजे ती बाजू ठीक धरू ना?

भोंगा_परभणी

मी शिक्षक नाही, मांडव-साउंडचं काम करतो. घरात मास्तरीण आहे म्हणून हे वाचायलो. ताई, शेवटच्या ओळीवर भरवसा ठेवू नका.

मोबाइलचा माइक रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी आपोआप खाली-वर करतो. लांबून बारीक आवाज आला की तो वर उचलतो, मोठा आला की दाबतो. त्यामुळं तुम्ही पुटपुटलात काय आन् वरडलात काय, व्हिडिओत जवळजवळ सारखंच येतं. खरं का खोटं ते तुमच्याच व्हिडिओत बघा. तुम्ही दोन-तीन सेकंद गप्प बसता तिथं पंख्याचा आवाज हळूहळू चढतो का? आणि बोलायला लागलात की तोच पंखा दबतो का? तसं असलं तर माइक पातळी बदलायलाय. पंखा तर तेवढाच फिरायलाय.

म्हणजे व्हिडिओवरून आवाज लहान की मोठा हे ठरत नाही. शब्दाचा शेवट गिळला, तोंड फिरवलं, घाई केली, हे ठरतं. आणि मोबाइल दाराकडच्या कपाटावर होता का खिडकीकडच्या, ते सांगितलं नाही तुम्ही.

मन्याडकाठ

दाराकडच्या. आणि हो, पंखा चढतो. आत्ता लावून बघितलं.

खडूची_भुकटी

भोंगा, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी आजवर ‘मागं ऐकू येतंय ना, झालं’ असंच सांगत आलोय.

मॅडम, मग मोबाइलही तिथंच होता जिथं तुम्ही 46 ठिपके उभ्या होतात. खिडकीच्या कोपऱ्यात काय ऐकू येतं, याची साक्ष त्यानं दिलेलीच नाही. तिथली चार लेकरं किती वेळा बोलली, ते बघितलं का?

मन्याडकाठ

आत्ता बघितलं. समूहात ‘होऽऽ मॅडम’ म्हणतात तेवढंच. एकट्यानं एकदाही नाही. खडखडणारा पंखा त्यांच्याच डोक्यावर आहे.

भोंगा_परभणी

मग मोबाइल बाजूला ठेवा आणि लेकराचाच कान वापरा. नेहमी उभ्या राहता तिथून, नेहमीच्याच आवाजात दहा आकडे सांगा आणि त्या चौघांना लिहू द्या. जवळजवळचे घ्या : सात, साठ, आठ, एकोणसाठ, एकोणसत्तर. एकदा पंखा चालू ठेवून, एकदा बंद करून. पंखा चालू असतानाच चुकले तर दोष पंख्याचा. बंद असतानाही चुकले तर तुमचा आवाज किंवा लेकराचा कान, त्याचं वेगळं बघावं लागतं.

आणि पंख्यावर मात करायला मोठ्यानं बोलू नका. आवाज चढला की पट्टीही चढते, घसा जातो आणि अक्षरं काही सुटी होत नाहीत. दोन बाक पुढं सरकलात तर जास्त फायदा.

खडूची_भुकटी

आता सरावाची 5 मिनिटं कुठं गेली ते बघा. पट्ट्या आणि फळा दोन्ही टाचणापेक्षा एकेक मिनिट कमीच आहेत. लेकरं हळू असती तर कृतीची वेळ वाढली असती. वाढली आहे ती पूर्वज्ञानाची, 4 मिनिटं, आणि वह्या-हजेरीची 3, जी टाचणात नव्हतीच. सात मिनिटं जास्तीची गेली, दोन वाचली, म्हणून सरावाला पाच कमी पडली.

पूर्वज्ञान का लांबलं, ते तुमच्या 22 प्रश्नांत आहे. न थांबल्यानं वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण होतं उलटं. प्रश्न टाकला, अर्ध्या सेकंदात उत्तर नाही, म्हणून प्रश्न बदलला. लेकरू पहिल्याचा विचार करत होतं, आता दुसरा आला. तोही बदलला. एका उत्तरासाठी तीन प्रश्न खर्ची पडले. मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात असं दिसलं. 3 सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि न बोलणारी लेकरं बोलू लागली. त्यांनी दोन जागा सांगितल्या होत्या : एक प्रश्नानंतर, दुसरी लेकराच्या उत्तरानंतर. तुमची दुसरी जागा उत्तर पुन्हा म्हणण्यात भरून जाते. शिवाय बाई परत म्हणणारच आहेत, तर मित्राचं कशाला ऐकायचं, हेही वर्ग शिकतो.

गोदाकाठी

इथं मात्र मी अडतो. 2 + 3 किती, याला 3 सेकंद थांबलं तर वर्गात कालवा होतो. आणि 1/2 आणि 1/3 चा समान छेद काय, याला 3 सेकंदांत पाचवीतलं लेकरू काय सांगणार? दोन्हीकडं 3 चा आकडा चुकतोच.

खडूची_भुकटी

पाढे, उजळणी, झटपट प्रश्न यांना थांबायची गरज नाही, मान्य. समान छेदाच्या प्रश्नाला मी 10 सेकंद देईन आणि पाटीवर लिहायला सांगेन. 3 हा किमान आकडा धरा.

गोदाकाठी

मग तपासणी यादीत ‘3 सेकंद’ लिहिलंच का? प्रश्नाचा प्रकार आधी लिहावा लागेल. 22 प्रश्नांतले आठवणीचे किती आणि विचाराचे किती, हे न बघता 17 चा आकडा नुसता भीती घालतो.

मन्याडकाठ

गोदाकाठी सरांचं पटतंय. वेगळे काढले. 22 पैकी 15 आठवणीचे : अंश कशाला म्हणतात, छेद कुठं असतो, असले. विचाराचे 7. त्या 7 पैकीही 6 वेळा मी थांबले नाही. म्हणजे भीती तशी खोटी नव्हती.

तेरणेकाठचा

आमची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडं तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन भिंतींना दोन फळे. चौथीला स्वाध्याय देऊन तिसरीला शिकवायचं, मग उलट. ठिपके काढले तर अर्धी तासिका एका वर्गाकडं पाठ असणारच. गतीचा तक्ताही एक नाही, दोन लागतील. ही यादी आम्हाला चालती का?

खडूची_भुकटी

नकाशा चालेल, ठिपके दोन रंगांत द्या. गतीचं मला नीट सांगता येत नाही. स्वाध्याय करणारा वर्ग कोणत्या मिनिटाला रिकामा बसला, ते टिपलं तर काही हाती लागेल असं वाटतं. पण त्यासाठी मोबाइलचं तोंड तुमच्याकडं नको, त्या वर्गाकडं हवं. एका मोबाइलमध्ये दोन्ही येणार नाही.

तेरणेकाठचा

मलाही तेच दिसायलंय.

बीएड_दुसरं_वर्ष

रेकॉर्डिंगचं कुणी सांगेल का? माझं 20 मिनिटांनी आपोआप बंद पडलं.

भोंगा_परभणी

तीन कारणं असतात. फोन आला, जागा संपली किंवा मोबाइल तापला. विमान मोडवर टाका. 1080p वर मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा जाते, 35 मिनिटांत चार जीबीच्या वर. 720p ठेवा, ठिपक्यांना तेवढं बास. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत मोबाइल खिडकीच्या उन्हात ठेवला तर तापून कॅमेरा बंद पडणारच. सकाळच्या शाळेत पहिली तासिका घ्या, कव्हर काढून ठेवा. आडवा ठेवा, पाठीमागून विटेचा टेकू द्या. आणि खिडकीकडं तोंड नको, माणूस काळा दिसतो.

पिंपळपार

एक बाब सगळ्यांनी सोडली. व्हिडिओत लेकरं आहेत. मुख्याध्यापकांसोबत पालकसभेतही सांगून ठेवा, आणि केंद्राच्या किंवा कुठल्याच ग्रुपवर तो टाकू नका. ‘बघा कशी छान उत्तरं देतात’ म्हणून पाठवलेला तुकडा गावभर फिरतो. आकडे वहीत उतरले की व्हिडिओ पुसून टाका.

मन्याडकाठ

पंधरा दिवसांनी लिहितेय. आधी आकड्यांची चाचणी. पंखा चालू असताना त्या चौघांपैकी तिघांनी ‘साठ’चं ‘सात’ लिहिलं. पंखा बंद केल्यावर चौघांचेही दहाच्या दहा बरोबर.

मग दुसरं रेकॉर्डिंग, या वेळी मोबाइल खिडकीच्या बाजूला. घटक भिन्नछेद अपूर्णांकांची वजाबाकी, म्हणून तुलना तंतोतंत नाही. वह्या लेकरांनी आधीच काढून ठेवल्या, हजेरी परिपाठालाच घेतली. पूर्वज्ञान 6 मिनिटं, पट्ट्या 12, फळा 10, सराव 7. टेबल मुद्दाम मधल्या रांगेसमोर सरकवलं. खिडकीकडच्या रांगेत 19 ठिपके, त्यातले 5 मागच्या दोन बाकांपाशी. आकडा सांगितला की तो फळ्यावरही लिहिते. पूर्वज्ञानात 12 प्रश्न, त्यातले विचाराचे 5, आणि पाचपैकी 4 वेळा 3 सेकंदांच्या वर थांबले. त्या कोपऱ्यातली एक मुलगी एकटी बोलली, उत्तर चुकीचं होतं.

फळ्याकडं तोंड करून बोलणं मात्र 2 मिनिटं 10 सेकंद. ते जवळपास तिथंच आहे. लिहिताना गप्प बसले की मागून गलका सुरू होतो, म्हणून तोंड चालू राहतं.

खडूची_भुकटी

अर्धं उदाहरण लिहा, बाजूला व्हा, पुढची पायरी लेकरांना पाटीवर लिहू द्या, मग उरलेलं लिहा. एका वेळी फळ्याकडं 10-12 सेकंदच पाठ राहील असं बघा.

गोदाकाठी

पाट्या आहेत का पण सगळ्यांकडं?

मन्याडकाठ

24 पैकी 15 जणांकडं आहेत. बाकीच्यांना रफ वहीवर लिहायला लावते. पुढच्या महिन्यात फळ्याचा टप्पाच तेवढा रेकॉर्ड करणार आहे, 10 मिनिटांचा.